हिब्रू कथांतील नावांचे अर्थ: टीप लिहिताना या चुका टाळा

बायबलमधल्या रूथच्या पुस्तकात नामी सुमारे दहा वर्षांनी मवाब देशातून बेथलेहेमला परतते, तेव्हा तिचा नवरा आणि दोन्ही मुलगे मरण पावलेले असतात. गावातल्या बायका तिला ओळखतात, आणि ती त्यांना म्हणते, मला नामी म्हणू नका, मला मारा म्हणा (1:20). या ओळीच्या मराठी भाषांतराचा कच्चा मसुदा मी एकदा काही बायकांना मोठ्याने वाचून दाखवला. ‘मला मारा’ हे शब्द येताच एकीने घाबरून विचारले, ‘हिला कोण मारतंय?’ पानाच्या तळाशी ‘मारा म्हणजे कडू’ अशी टीप होती, पण ऐकणाऱ्याला टीप दिसत नाही.

पहिली चूक इथेच होते. ज्या नावाचा अर्थ कळल्याशिवाय वाक्यच उभे राहत नाही, त्याचा अर्थ टीपेवर सोपवून चालत नाही. ‘आता माझे नाव नामी नको, कडू या अर्थाचे मारा हे नाव मला द्या’ असे लिहिले, तर नाव टिकते, अर्थ पोहोचतो आणि ‘मला’ व ‘मारा’ हे शब्द एकमेकांना चिकटत नाहीत. उलट, नावच काढून तिथे ‘दुःखी’ किंवा ‘क्लेशमयी’ असे विशेषण घालणे हा उपाय नव्हे. मग तिने स्वतःला नवे नाव दिले, हे वाचकाला कळतच नाही. नामी या नावाचा मूळ अर्थ ‘सुखद, मनोहर’ असा आहे. मराठीत ‘नामी’ म्हणजे उत्तम, आणि हा योगायोग सुखाचा वाटला तरी फसवा आहे, कारण नाव आपोआप कळले असे वाटून टीप गाळली जाते.

दुसरी चूक अधिक खोल आहे, कारण ती टीपेत नव्हे, वचनाच्या भाषांतरातच होते. नामी पुढे कारण सांगते, आणि हिब्रूत त्या कारणाचे क्रियापद मारा या नावाच्याच मूळ धातूचे आहे: सर्वसमर्थाने माझे जिणे फार कडू केले. तिथे ‘माझी दुर्दशा केली’ असे भाषांतर करून खाली ‘मारा म्हणजे कडू’ अशी टीप दिली, तर टीप खरी असूनही निरुपयोगी ठरते, कारण वाचकाला वर कडवटपणा कुठेच सापडत नाही. तोच शब्द तिने सुनांशी बोलताना 1:13 मध्येही वापरलेला आहे. म्हणून आधी दोन्ही ठिकाणी ‘कडू’ आणावे आणि मग टीपेची गरज तपासावी. मराठीत कडू हा शब्द दुःखासाठी सहज चालतो, त्यामुळे इथे आपल्याला काहीच ओढूनताणून करावे लागत नाही.

तिसरी चूक नको तिथे टीप देण्याची आहे. याच अध्यायात नामीच्या मुलांची नावे महलोन आणि खिल्योन अशी आहेत. ती आजार आणि क्षय या अर्थांच्या शब्दांशी अनेकदा जोडली जातात, आणि मुले लवकर मरतात म्हणून टीप देण्याचा मोह होतो. पण निवेदक त्याबद्दल एक शब्दही बोलत नाही. पहिल्या पाच वचनांतच असे अर्थ सांगितले, तर वाचक मुलांच्या मृत्यूकडे आधीच ठरलेली गोष्ट म्हणून पाहतो आणि 1:5 चा धक्का बोथट होतो. असली माहिती प्रस्तावनेत किंवा शेवटच्या शब्दसूचीत द्यावी, आणि तीही ‘बहुधा’ म्हणून.

चौथी चूक टीपेतल्या ‘म्हणजे’ या एका शब्दाची आहे. 1 शमुवेल 1:20 मध्ये हन्ना मुलाचे नाव शमुवेल ठेवते आणि सांगते, मी त्याला परमेश्वराकडे मागितले. यावरून ‘शमुवेल म्हणजे देवाकडे मागितलेला’ अशी टीप लिहिली जाते. शब्दव्युत्पत्तीच्या दृष्टीने ती चुकीची आहे. नावाचा उलगडा सहसा ‘देवाचे नाव’ किंवा ‘त्याचे नाव देव’ असा केला जातो. ‘देवाने ऐकले’ हा अर्थ तर इश्माएल या नावाचा आहे (उत्पत्ती 16:11). तरीही कोशातला अर्थ टीपेत टाकला, तर हन्नाचे वाक्य अधांतरी राहते. मी अशी टीप लिहीन: ‘हिब्रूत हे नाव “देवाकडे मागितलेला” या शब्दांची आठवण करून देते.’ कथेने जोडलेला धागा तेवढाच सांगायचा.

‘मागणे’ हा धातू 1:17, 1:20, 1:27 आणि 1:28 मध्ये येतो, आणि शेवटच्या वचनात त्याचे जे रूप आहे ते हिब्रूत शौल या नावासारखेच लिहिले जाते. इस्राएलने पुढे राजा मागितला आणि त्यांना शौल मिळाला. हे कानाने मराठीत आणता येत नाही. शौलच्या या धाग्यासाठी टीप खरोखरच हवी, आणि ती 1:28 वर हवी, 1:20 वर नव्हे.