कॉल लागताच स्क्रीन काळी पडून तशीच राहते? या चुका टाळा

फोन कानाला लावल्यावर गालाने बटणे दाबली जाऊ नयेत, म्हणून कानाच्या स्पीकरशेजारी प्रॉक्सिमिटी सेन्सर बसवलेला असतो. बहुतेक फोनांत तो म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडणारा एक बारीक एलईडी आणि परत आलेला प्रकाश मोजणारा फोटोडायोड. गाल जवळ आला की परतणारा प्रकाश वाढतो आणि तो ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की स्क्रीन मिटते. मात्र थोडा प्रकाश गालापर्यंत न जाता वरच्या काचेवरूनच फोटोडायोडकडे वळतो. हा प्रकाश हिशेबातून वजा करता यावा, यासाठीच कॅलिब्रेशन, म्हणजे समोर काही नसताना परतणारा प्रकाश शून्य म्हणून नोंदवणे, असते. काचेवर तेल, पावडर किंवा दुसरी काच बसली की तो वाढतो आणि समोर कोणी नसतानाही फोनला गाल चिकटलेलाच वाटतो.

पहिली चूक म्हणजे दोष नेमका कुठे आहे हे न पाहता फॅक्टरी रिसेट करणे. कॅलिब्रेशनची नोंद सहसा वेगळ्या जागी ठेवलेली असल्यामुळे रिसेटने ती बदलत नाही. जातात ते फक्त आपले फोटो आणि संदेश. त्याऐवजी व्हॉट्सॲपवरील एखादा व्हॉइस मेसेज फोन टेबलावर ठेवून ऐकावा. स्क्रीन लगेच काळी पडून आवाज कानाच्या स्पीकरमधून येऊ लागला, तर संशय सेन्सरवरच घ्यावा. कॉल चालू असताना स्क्रीन अडकली आणि कॉल संपवायचा असेल, तर इअरफोन जोडून पाहावा, कारण तेव्हा बहुतेक फोन या सेन्सरचे ऐकतच नाहीत. सेन्सर थेट तपासण्यासाठी डायलरमध्ये पुढील कोड टाकता येतात. पहिला सॅमसंगच्या आणि दुसरा शाओमी व रेडमीच्या अनेक फोनांवर चालतो.

```
*#0*#
*#*#6484#*#*
```

हात दूर असतानाही चाचणी ‘जवळ’ असेच दाखवत असेल, तर आधी कव्हर आणि स्क्रीन गार्ड काढावेत. सेन्सरच्या जागी छिद्र नसलेली, काळ्या कडेची टेम्पर्ड ग्लास हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. द्रव गोंदाने चिकटवलेल्या यूव्ही ग्लासमध्ये गोंद स्पीकरच्या फटीत उतरण्याचाही धोका असतो. काच पुसताना द्रव थेट फोनवर ओतू नये. मऊ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब घेऊन पुसावे आणि जाळीसाठी कोरडा, मऊ ब्रश वापरावा. टाचणीने कोरण्याचा मोह अनेकांना होतो आणि स्पीकरची जाळी त्यातच फाटते.

सर्वांत महाग पडणारी चूक मात्र क्रमाची आहे, ती म्हणजे वरची टेम्पर्ड ग्लास न काढता, फोनची काच न पुसता कॅलिब्रेशन करणे. माझ्या मावशींच्या फोनला नवी टेम्पर्ड ग्लास लावल्यावर कॉल लागताच स्क्रीन काळी होऊ लागली. दुकानदाराने ती काच तशीच ठेवून चाचणीच्या मेनूतून कॅलिब्रेशन केले आणि तक्रार मिटली. पुढे ती काच फुटून निघाली, तेव्हा उलटाच त्रास सुरू झाला: फोन कानाला लावूनही स्क्रीन मिटेना आणि गाल लागून कॉल म्यूट होऊ लागला. याचे कारण असे की काचेमुळे वाढलेला प्रकाशही फोनने शून्य मानला होता. काच गेल्यावर गालाने परतवलेला प्रकाश त्या शून्याच्या वर पुरेसा चढेना. आम्ही फोनची उघडी काच स्वच्छ पुसली, उन्हापासून दूर, सेन्सरसमोर काहीही नसताना पुन्हा कॅलिब्रेशन केले आणि मग हात जवळ-दूर नेऊन पाहिला. चाचणीत हात दूर असताना ५ आणि जवळ आणल्यावर ० दिसू लागले. नवी काच लावण्याआधी ती सेन्सरवर नुसती टेकवून हाच आकडा पाहिला. तो ५च राहिला, म्हणून तीच चिकटवली. प्रत्येक फोनमध्ये कॅलिब्रेशनचा पर्याय असतोच असे नाही, आणि नसेल तर ते करण्याचा दावा करणारी ॲप्स कॉलच्या वेळी फारशी उपयोगी पडत नाहीत.

स्क्रीन बदलल्यानंतरच त्रास सुरू झाला असेल, तर पुसण्यात वेळ घालवू नये. मूळ काचेवर सेन्सरच्या जागी अवरक्त प्रकाश आरपार जाऊ देणारी खास शाई असते, तर हलक्या प्रतीच्या फोल्डरवर, म्हणजे बदलून बसवलेल्या स्क्रीनवर, ती साधी काळी असू शकते. शिवाय एलईडी आणि फोटोडायोड यांच्यामध्ये आड असणारे छोटे रबर जुन्या स्क्रीनबरोबरच फेकले गेलेले असू शकते. ते परत बसवले आहे का, हे दुरुस्ती करणाऱ्याला स्पष्ट विचारावे. रबर नसेल तर प्रकाश आतल्या आतच फिरतो आणि कॅलिब्रेशन टिकत नाही. काही नव्या फोनांत मात्र हा एलईडीच नसतो. ते स्पीकरमधून ऐकू न येणारा ध्वनी सोडून अंतर ओळखतात. अशा फोनांत काचेऐवजी स्पीकर आणि माइकच्या जाळ्यांतील धूळ आधी पाहावी.