गोव्यातल्या लग्नाला पुण्याहून जाताना या चुका टाळा

आमंत्रणाच्या पीडीएफवर ‘गोवा’ हे मोठ्या, सोनेरी अक्षरांत असतं आणि रिसॉर्टचं गाव खाली बारीक टायपात. तिकिटं काढणारा माणूस वरचं वाचतो आणि तिथेच फसतो. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. दक्षिणेकडे जुनं दाबोळी, ज्याचा कोड GOI, आणि उत्तरेला पेडण्याजवळ 2023 च्या जानेवारीत सुरू झालेलं मोपा, ज्याचा कोड GOX. तिकिटांच्या ॲपवर दोन्ही ‘गोवा’ म्हणूनच दिसतात. मोपाचं तिकीट दीड हजारानं स्वस्त दिसलं की पुणेकराचं बोट आपोआप तिकडे वळतं.

समजा, लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दक्षिण गोव्यातल्या बाणावलीच्या किनाऱ्यावर आहे. शुक्रवारी दुपारी मेंदी आणि संध्याकाळी 7 ला संगीत, शनिवारी सकाळी हळद आणि दुपारी 4.50 चा मुहूर्त. कोथरूडहून आई-बाबा, कॉलेजातली मुलगी आणि आजी असे चौघे निघणार आहेत. शुक्रवारी दुपारी दीडला उतरणारं मोपाचं विमान त्यांनी धरलं, तर सामान हातात येईपर्यंत दोन वाजतात. पुढे पणजी, झुआरीचा पूल आणि मडगाव करत पाऊणशे किलोमीटर जायचं, म्हणजे दोन तास. मधे आजींसाठी एकदा थांबणं आलंच. खोलीत पाऊल पडेपर्यंत साडेचार होतात आणि मेंदीवाल्या मुली आवराआवर करत असतात. तेच विमान दाबोळीला उतरलं असतं, तर पंचवीसेक किलोमीटर आणि पाऊण-एक तास. शिवाय तिकिटांत वाचवलेल्या पैशांतून मोपाहून टॅक्सीला पडणारं जास्तीचं भाडं वजा करायला विसरू नका. लग्न उत्तरेकडे मोरजी, आश्वे किंवा मांद्र्याला असेल तर मात्र हिशेब बरोबर उलटा, तिथे मोपाच हवं.

मोपाचं तिकीट काढून झालेलंच असेल, तर आधी ते बदलायचा खर्च बघा, कारण चौघांचा मिळून तो बहुधा परवडत नाही. त्यापेक्षा यजमानांचं वाहतुकीचं काम बघणाऱ्या माणसाला फोन करा आणि त्याच वेळेला मोपाला आणखी कोण उतरतंय ते विचारा. सहाजण निघाले की एक मोठी गाडी सगळ्यांत वाटून घेता येते. यजमानांची बस बहुतेक वेळा एकाच विमानतळावर आणि ठरावीक दोन-तीन वेळांनाच असते, हे गृहीत धरा. ‘तुमच्या विमानाची वेळ कळवा’ असा फॉर्म महिनाभर आधी व्हॉट्सॲपवर येतो, तो न भरणारे पाहुणे आयत्या वेळी विमानतळाबाहेर उभे राहून नवरीच्या काकांना फोन लावतात. पुण्यातल्यासारखी ओला-उबर बोलवू, या भरवशावर तर राहूच नका. विमानतळावर टॅक्सीचा काउंटर असतो, तिथे आधी भाडं भरून गाडी घ्यायची.

दक्षिण गोव्याच्या लग्नाला माझ्या मते रेल्वेच सगळ्यांत सोयीची. गोवा एक्स्प्रेस दुपारनंतर पुण्याहून निघते, मिरज, बेळगाव, लोंढा करत घाट उतरते आणि पहाटे मडगावला पोचवते. मडगावहून बाणावली सात-आठ किलोमीटर. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. पूर्वीचे 120 दिवस नोव्हेंबर 2024 पासून गेले, त्यामुळे तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा आणि त्या दिवशी सकाळी 8 ला बसा. यातली गोची वेगळीच आहे. तुम्ही पहाटे पोचता आणि हॉटेलची खोली मिळते दुपारी 2 ला. आजींना घेऊन सात-आठ तास लॉबीत बसण्यापेक्षा आदल्या दिवशीच आलेल्या एखाद्या आत्याबाईंची खोली विचारून ठेवा. नाहीतर एक रात्र आधीपासून खोली घ्या. ‘लवकर आत सोडा’ ही विनंती हॉटेल ऐकतं, पण खोली रिकामी असली तरच.

गाडीनं जाणाऱ्यांची चूक म्हणजे ‘साडेचारशे किलोमीटर, आठ तास’ हा हिशेब. साताऱ्यापासून पुढे महामार्गाच्या सहापदरीकरणाचे वळसे आहेत. निपाणीहून आजरा-आंबोली-सावंतवाडी धरलं तर घाट, आणि पत्रादेवीला गोव्यात शिरल्यावरही अख्खा गोवा उभा ओलांडून दक्षिणेला जायचं. पहाटे 5 ला कोथरूड सोडलं तरी दुपारी 4 च्या आत बाणावली दिसेल असं मानू नका. म्हणजे ज्या दिवशी संगीत, त्या दिवशी गाडीनं निघायचं नाही.

संगीतावरून आठवलं. ‘7 म्हणजे 9’ हा लग्नघरातला सर्वमान्य नियम उघड्यावरच्या कार्यक्रमाला लागू पडत नाही. रात्री 10 नंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावायला 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे आणि किनाऱ्यावरची हॉटेलं ती पाळतात. नाच बसवणाऱ्या चुलत भावंडांचे सगळे क्रम सात ते साडेनऊमध्ये कोंबलेले असतात. नऊला सजून खाली आलात तर आवराआवरीच बघायला मिळेल. मुहूर्ताचंही तसंच. डिसेंबरच्या सुरुवातीला गोव्यात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि मागे समुद्र घेऊन फोटो काढायचे असल्यानं सगळं त्या उजेडाला बांधलेलं असतं. अंतरपाट धरायला कोणाची वाट बघितली जात नाही.

आता कपडे. पहिली गोष्ट म्हणजे मुहूर्ताचे कपडे आणि दागिने विमानात हातातल्या बॅगेतच. देशांतर्गत विमानात साधारणपणे चेक-इनला 15 आणि हातात 7 किलो मिळतात. चौघांचे चार कार्यक्रमांचे कपडे, त्यात शेरवानीचा खोका, आणि वजन काट्यावर फुगतं. शेरवानी खोक्यातून काढून साध्या पिशवीत घाला, हँगर आणि पुठ्ठा घरी. चेक-इनची बॅग आलीच नाही, तर सामानाच्या पट्ट्याशेजारच्या विमान कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवूनच बाहेर पडा आणि त्यात रिसॉर्टचा पत्ता द्या. बाहेर पडून फोनवरून सांगू म्हणाल तर पुढचे दोन दिवस फोनच करत बसाल.

दुसरी गोष्ट, किनाऱ्याचा विचार न करता पुण्यातल्या कार्यालयाचे कपडे भरणं. डिसेंबरातही गोव्यात दुपारी ऊन लागतं, घाम येतो, आणि चार-साडेचारला समुद्राकडून चांगला वारा सुटलेला असतो. मखमली शेरवानी संगीताच्या वेळी चालते, मुहूर्ताला नाही. पैठणी नेसायची असेल तर अवश्य नेसा, फक्त पदर खांद्यावर एका पिनेवर सोडू नका. खांद्यावर दोन आणि मागे कमरेशी एक पिन लावा, नाहीतर मंगलाष्टकं संपेपर्यंत पदर शेजारच्या खुर्चीवर. पिना थेट जरीत टोचू नका, खाली कापडाचा छोटा तुकडा घ्या. रात्री साडी तशीच घडी करून बॅगेत कोंबू नका. खारट दमट हवेतून आलेली जर काळवंडते, म्हणून खोलीत पंख्याखाली रात्रभर पसरा आणि घरी आल्यावर सावलीत पुन्हा एकदा वाऱ्याला लावा. अत्तर किंवा डिओ साडीवर मारायचा नाही, हे आजी सांगतीलच.

टाचेच्या चपला वाळूत आणि ओल्या लॉनमध्येही रुततात. सपाट किंवा रुंद टाचेच्या घ्या. कोल्हापुरी कोरड्या वाळूत छान, पण लाटेच्या ओलीत एकदा गेली की चामडं फुगतं. हळदीला जुना सुती कुर्ता बरा, कारण रेशमावर पडलेला हळदीचा डाग पुढच्या लग्नापर्यंत सोबत करतो.

ब्लाउज लक्ष्मी रोडवर टाकायचा तर लगीनसराईत महिनाभर आधी टाका आणि घेऊन आल्यावर तो साडीसकट घालून बघा. हात वर करा, खाली बसा. बाणावलीत शनिवारी दुपारी बाही काखेत काचते हे कळलं तर तिथे शिंपी शोधायला वेळ नसतो. म्हणून शिवताना आत दाबाला जास्त कापड सोडायला सांगा आणि सुई-दोरा बरोबर ठेवा. उसवून अर्धा इंच मिळतो, आणि तेवढा पुरतो. साडी नेसवणारी बाई यजमानांनी बोलावली असेल, पण ती नवरीकडच्या आठ-दहा जणींसाठी एकटीच असते. नऊवारी नेसायची असेल तर आपला नंबर सकाळीच लावून ठेवा. नाहीतर शिवलेली नऊवारी न्या, कोणी काही म्हणत नाही.

जास्तीचे दिवस लग्नाच्या आधी काढायचे की नंतर? माझं मत नंतर. आधी राहिलात तर उन्हानं रापलेला चेहरा आणि चुरगळलेले कपडे घेऊन लग्नाला उभे राहता, आणि यजमान कामात असताना ‘जेवलात का’ विचारायला तुमच्याकडे धावतात. यजमानांनी घेतलेल्या खोल्या दोन रात्रींच्या असतात. रविवारी 11 ला खोली सोडायची. तिसऱ्या रात्रीचा दर त्याच हॉटेलात विचारा, पण लग्नाच्या गटाच्या दरात ती रात्र मिळते का, हे यजमानांच्या समन्वयकाकडून आणि निघायच्या आधी. काउंटरवर आयत्या वेळी विचारलं तर हंगामाचा दर सांगतात. तो परवडला नाही तर रविवारी सामान हलवून मडगाव किंवा पणजीत साधी खोली घ्या. आणि धुलाई, खोलीतला फ्रिज यांचं बिल आपलं आपण द्या, ते यजमानांच्या खात्यावर चढू देऊ नका.

पणजीत राहणार असाल तर तारखा बघा. नोव्हेंबरच्या शेवटी तिथे चित्रपट महोत्सव असतो, आणि 3 डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त. त्या दिवशी गोव्यात सुट्टी आणि त्या रस्त्याला गर्दी. देवदर्शनाला बाणावलीहून फोंड्याकडे मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा तासाभराच्या अंतरावर आहेत. आजींना देवीची ओटी भरायची असेल तर रविवारची सकाळ त्यासाठी ठेवा, बाकी मंडळी झोपलेलीच असतात.

आहेराचा मोठा खोका गोव्याला नेऊ नका. तो यजमानांनाच परत पुण्याला वाहून न्यावा लागतो. पाकीट द्या, किंवा वस्तू त्यांच्या घरी लग्नाआधी पोचवा. गाडीनं परतणाऱ्यांनी स्वस्त मिळतात म्हणून डिकीत बाटल्या भरू नयेत. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि बांद्याच्या बाजूला गाड्या तपासतात. परतीला रविवार संध्याकाळ शक्यतो टाळा. खेड शिवापूरच्या टोलनाक्यापासून कात्रजपर्यंत सगळं पुणं त्याच वेळी घरी येत असतं. सोमवारची रजा टाकता येत असेल तर आत्ताच टाका.