उतारा जिथून सुरू होतो, तिथून चार्ट सुरू होत नाही: आयईएलटीएस रीडिंगमधले फ्लो चार्ट आणि टेबल

सांगलीत आयईएलटीएसची तयारी करणाऱ्या मुलामुलींसोबत मी बसते, तेव्हा एक गोष्ट हमखास दिसते. फ्लो चार्टचा प्रश्न आला की सगळ्यांना हायसं वाटतं. चौकटी आहेत, बाण आहेत, मधे रिकाम्या जागा आहेत आणि उत्तरं उताऱ्यातलीच उचलायची आहेत. मग पहिल्या चौकटीचं उत्तर पहिल्या परिच्छेदात शोधायला सुरुवात होते. ते तिथे मिळत नाही आणि वेळ तिथेच जातो. तीन उतारे, 40 प्रश्न आणि 60 मिनिटं असा हिशोब असतो. कागदावरच्या परीक्षेतही रीडिंगची उत्तरं उतरवायला वेगळा वेळ मिळत नाही, त्यामुळे अशी गेलेली मिनिटं थेट तिसऱ्या उताऱ्याच्या खात्यातून वजा होतात.

मुळात परीक्षा घेणाऱ्यांनीच हे सांगून ठेवलेलं आहे. फ्लो चार्ट, टेबल, नोट्स, समरी या प्रकारांत उत्तरं उताऱ्याच्या क्रमानेच येतील असं नाही. मात्र ती बहुधा उताऱ्याच्या एका ठरावीक भागातून येतात, सगळ्या उताऱ्यात विखुरलेली नसतात. ट्रू-फॉल्ससारख्या प्रश्नांत उत्तरं क्रमाने येतात, म्हणून तीच सवय इथे लागते. चार्टचा क्रम असतो घटनांचा. उताऱ्याचा क्रम असतो लेखकाच्या सांगण्याचा, आणि सांगणारा माणूस बऱ्याचदा शेवटून किंवा मधूनच सुरुवात करतो.

हे मुलांच्या अंगवळणी पडावं म्हणून मी हळदीवर एक सरावाचा उतारा तयार केला. तो इंग्रजीत आहे. इथे त्याचा गाभा मराठीत सांगते.

पहिला परिच्छेद हरिपूरचा आहे. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या या गावात जमिनीत खणलेली पेवं, त्यांत साठवलेली हळद आणि 2005 च्या महापुरात पेवांचं झालेलं नुकसान असं त्यात येतं. दुसरा परिच्छेद सांगलीच्या सौद्याचा. खरेदीदार हळकुंड मोडून आतल्या गाभ्याचा रंग बघतात. त्याच परिच्छेदात एक वाक्य आहे: यार्डात येणारी हळकुंडं चकचकीत दिसतात, कारण त्याआधी ती ड्रममध्ये फिरवून त्यांची खरबरीत साल काढलेली असते. तिसरा परिच्छेद शेतात जातो. पीक साधारण नऊ महिन्यांचं. पानं पिवळी पडून वाळली की ती जमिनीलगत कापायची, मग काढणी, मग जेठ्या गड्ड्यांपासून हळकुंडं वेगळी करायची. चौथ्यात शिजवणं आणि वाळवणं. पाण्यावर फेस आला आणि हळदीचा खास वास सुटला की शिजली. नंतर दहा ते पंधरा दिवस उन्हात. हळकुंड मोडताना धातूसारखा आवाज आला की वाळली.

आता चार्ट बघा. एकाखाली एक सात चौकटी आहेत. पहिली: अमुक वाळेपर्यंत थांबा, मग काढणी करा. दुसरी: हळकुंडं अमुकपासून वेगळी करा. तिसरी: पाण्यावर अमुक दिसेपर्यंत शिजवा. चौथी: मोडताना अमुक आवाज येईपर्यंत वाळवा. पाचवी: साल काढण्यासाठी अमुकमध्ये फिरवा. सहावी: सौद्यात गाभ्याचा अमुक तपासला जातो. सातवी चौकट भरूनच दिलेली आहे: पेवात साठवण.

कवठे महांकाळकडून येणाऱ्या एका मुलीने पहिल्याच दिवशी विचारलं, "ताई, उतारा पेवापासून सुरू होतोय, मग पेव खाली कसं काय?" बरोबर जागी बोट ठेवलं तिने. पेव ही घटनाक्रमात शेवटची गोष्ट आहे. लेखकाला ती सगळ्यात रंजक वाटली म्हणून त्याने आधी सांगितली. ही गाठ सुटली की पुढचं सोपं होतं. भरलेली चौकट हा सगळ्यात पक्का आधार असतो. सातवी पहिल्या परिच्छेदात सापडली, म्हणजे त्या आधीच्या पायऱ्या पुढे कुठेतरी असणार आणि लेखक मागे वळणार, हे तिथेच कळतं.

त्यानंतर मी त्यांना पहिल्या चौकटीकडे जाऊ देत नाही. सहजासहजी वेगळ्या शब्दांत सांगता येणार नाही अशी चौकट आधी शोधायला लावते. इथे ती चौथी आहे. "मोडताना आवाज" ही कल्पना उताऱ्यात एकाच जागी असणार. डोळे पटापट फिरवले की चौथा परिच्छेद सापडतो. तिथून थोडं वर शिजवणं, त्याच्या वर शेत. म्हणजे पहिल्या चार चौकटी तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात, पाचवी-सहावी दुसऱ्यात, सातवी पहिल्यात. हा नकाशा हातात आला की बारकाईने वाचायच्या ओळी आठ-दहाच उरतात.

खरी कसोटी पाचव्या-सहाव्या चौकटीत आहे. दुसऱ्या परिच्छेदात आधी सौदा येतो आणि मग ड्रम. चार्टमध्ये आधी ड्रम, मग सौदा. उलटापालट कुठे झाली हे सांगणारा शब्द त्या वाक्यातच असतो. इंग्रजीत ते "हॅविंग बीन टर्न्ड इन अ ड्रम" असं लिहिलं आहे. "हॅविंग बीन" म्हणजे ही क्रिया मुख्य क्रियेच्या आधीच उरकली आहे. "प्रायर टू", "बाय द टाइम", "हॅड ऑलरेडी", "नॉट अंटिल" हे सगळे याच जातीचे. मुलं "नेक्स्ट", "देन", "फायनली" एवढेच शब्द हेरतात, पण ते सरळ क्रमाचे शब्द आहेत आणि तिथे कोणी फारसं अडखळत नाही. पेन्सिलने गोल करायचा तो मागे नेणाऱ्या शब्दांभोवती. "नॉट अंटिल" तर दोनदा वाचावा: अमुक होईपर्यंत तमुक नाही, म्हणजे अमुक आधी आणि तमुक नंतर. वाक्यात मात्र ते बऱ्याचदा उलटं दिसतं.

घटना ऐतिहासिक असेल तर ही मागे-पुढे उडी जास्तच मोठी होते. कोयनेवर उतारा आला, तर लेखक 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपापासूनच सुरुवात करणार. मग मागे जाऊन धरणात पाणी साठू लागल्यावर जाणवलेले लहान धक्के सांगणार. चार्टमध्ये मात्र पाणी साठणं वर असेल आणि मोठा भूकंप खाली. अशा उताऱ्यात मी समासात नुसते आकडे लिहायला सांगते: कुठल्या परिच्छेदात घटनाक्रमातली पहिली गोष्ट, कुठे दुसरी. बाकी काही लिहायचं नाही.

आता उत्तराच्या शब्दांबद्दल, कारण जागा बरोबर सापडूनही गुण जातात ते इथेच. हळदीच्या चार्टवर सूचना होती "नो मोअर दॅन टू वर्ड्स". चौथ्या चौकटीत "आवाज" हा शब्द आधीच छापलेला आहे, म्हणून उत्तर फक्त "मेटॅलिक". "मेटॅलिक साउंड" लिहिलं तर दोन शब्दांच्या मर्यादेत बसतं, पण चौकट वाचताना "साउंड" दोनदा येतो आणि उत्तर चुकतं. दुसऱ्या चौकटीत "मदर राइझोम्स" हे दोन्ही शब्द लागतात, कारण नुसत्या "राइझोम्स"मधून कशापासून काय वेगळं करायचं ते कळत नाही, हळकुंडंही राइझोमच. पहिल्या चौकटीत रिकाम्या जागेनंतरचं क्रियापद अनेकवचनी आहे, म्हणून "लीव्ह्ज"च. "लीफ" चालणार नाही. जोडरेघेने जोडलेला शब्द एकच धरतात. स्पेलिंग उताऱ्यातून अक्षर-अक्षर बघून उतरवावं, कारण स्पेलिंग चुकलं तर उत्तरही चूक.

आमच्या भागातल्या मुलांना इथे आणखी एक धोका आहे. ज्यांच्या घरी हळद आहे, ती मुलं उतारा न बघता उत्तर देतात. शिजवायची म्हटलं की त्यांच्या डोळ्यापुढे काहील येते, किंवा हल्लीचा वाफेचा बॉयलर. शिजली की नाही हे काडी टोचून बघतात, हेही त्यांना माहीत असतं आणि ते खरंच आहे. पण माझ्या उताऱ्यात काडी नाही, फेस आहे. उत्तर "फ्रॉथ". ओळखीचा विषय आला की मी प्रत्येक उत्तराखाली उताऱ्यातल्या त्या ओळीला बोट लावून दाखवायला सांगते. बोट ठेवायला ओळ नसेल, तर ते उत्तर घरचं आहे, उताऱ्यातलं नाही.

टेबलचं तंत्र याहून जरा वेगळं आहे. त्याच उताऱ्याचं मी टेबल केलं, तेव्हा आडव्या ओळी होत्या पीक, शिजवणं, वाळवणं; आणि उभे रकाने होते टप्पा, कालावधी, तयार झाल्याची खूण. यात आडवी ओळ सांगते उताऱ्यात कुठे जायचं, आणि रकान्याचं शीर्षक सांगतं कसला शब्द आणायचा. कालावधीच्या रकान्यात आकडा किंवा "मंथ्स", "डेज" असलंच काही येणार. खुणेच्या रकान्यात दिसणारं, ऐकू येणारं किंवा वास येणारं काहीतरी. म्हणून रिकाम्या जागेच्या आधी त्या रकान्यातल्या भरलेल्या जागा वाचाव्यात. पिकाच्या ओळीत "नाइन मंथ्स" असं एककासकट छापलेलं असेल, तर वाळवण्याच्या ओळीतही एकक लागणार. "डेज" बाहेर छापला असेल, तर आकडेच द्यायचे. आणि सूचनेत "अँड/ऑर अ नंबर" आहे की नुसतेच "वर्ड्स", हे टेबल सुरू करण्याआधी बघून ठेवायचं.

टेबलमध्ये काही वेळा एखादी जागा आख्खी सोडून उताऱ्याने पुढे उडी मारलेली असते. माझ्या उताऱ्यात शिजवण्याचा कालावधी दिलेलाच नाही, म्हणून त्या घरात मी आडवी रेघ मारून ठेवली. तरी काहींनी तिथे भरायला आकडा शोधला. परीक्षेत प्रश्नक्रमांक नसलेलं घर भरायचं नसतं. त्याचा उपयोग फक्त शेजारची ओळ कुठली हे ओळखण्यापुरता.

सगळं भरून झालं की चार्ट वरून खाली एकदा सलग वाचावा, उताऱ्याकडे न बघता. शेतातून निघालेलं हळकुंड शिजलं, वाळलं, फिरवलं, सौद्याला गेलं, पेवात पोचलं, असं वाचता आलं पाहिजे. एका मुलाने पाचव्या चौकटीत "पिट" लिहिलं होतं. साल काढायला पेवात फिरवलं, असं मोठ्याने वाचताना तो स्वतःच थांबला आणि दुसऱ्या परिच्छेदाकडे परत गेला. या वाचनाला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागत नाही.