शेवटच्या शब्दाने केलेला घोळ

ध्वनिविज्ञानात नवा असताना माझ्याकडे पहिलं काम आलं ते गुजराती स्वरांचं. गुजरातीत 'बारा' या अर्थाचा 'बार' आणि 'बाहेर' या अर्थाचा 'बहार' हे दोन्ही शब्द रोजच्या बोलण्यात अनेकांच्या तोंडी एकाच अक्षराचे होतात. फरक उरतो तो आवाजाच्या जातीत. 'बारा'तला आ साधा असतो आणि 'बाहेर'मधला आ श्वास मिसळलेला, म्हणजे मर्मर स्वर. मराठी माणसाला हे अगदीच परकं नाही. तोंडासमोर हात धरून 'मणी' आणि 'म्हणी' म्हणून पाहा. दुसऱ्या वेळी हाताला जास्त वारा लागतो. आपल्याकडे हा श्वास व्यंजनाबरोबर येतो, तिथे तो स्वरातच मुरलेला असतो.

स्वरतंतू पुरते न मिटता थरथरले आणि फटीतून हवा निसटत राहिली की मर्मर होतो. याउलट ते एकमेकांवर घट्ट आवळून हळू आणि अनियमित फडफडले की करकरता आवाज येतो, ज्याला क्रीकी व्हॉइस म्हणतात. मेक्सिकोतल्या जलापा मासातेक भाषेत साधा, मर्मर आणि करकरता अशा तिन्ही जातींच्या स्वरांनी शब्दांचे अर्थ बदलतात.

मी शब्दांची यादी छापून एका बाईंना वाचायला दिली आणि तिथेच दोन चुका झाल्या. लिहिलेला 'ह' समोर दिसल्यावर त्यांनी तो नीट उच्चारला आणि एका अक्षराची दोन झाली. दुसरी चूक मोजताना कळली.

मोजायची रीत सोपी आहे. प्राट या आवाज तपासायच्या प्रोग्राममध्ये स्वराचा मधला तुकडा निवडायचा, `View spectral slice` उघडायचं आणि पहिल्या शिखराची उंची उणे दुसऱ्याची उंची काढायची. याला H1-H2 म्हणतात. मर्मर आवाजात पहिलं शिखर बरंच उंच असतं, म्हणून आकडा मोठा येतो. करकरत्या आवाजात तो लहान, कधी शून्याखाली येतो. हा हिशेब आ वरच करावा, कारण इ-उ मध्ये तोंडाच्या पोकळीचा अनुनाद पहिल्या शिखराजवळ येऊन ते फुगवतो. आणि आकडे ताडायचे ते त्याच व्यक्तीच्या दुसऱ्या शब्दाशी.

माझे आकडे उलटेच निघाले. 'बाहेर'चा आकडा 'बारा'पेक्षा कमी! दोन दिवस मी सूत्रात चूक शोधत होते. मग आवाजाचा तरंग मोठा करून पाहिला. त्या बाईंच्या साध्या आवाजात स्वरतंतूंच्या दोन ठोक्यांमध्ये ५ मिलिसेकंद अंतर होतं, म्हणजे २०० हर्ट्झ. 'बाहेर'च्या उत्तरार्धात मात्र ते १२, १९, १५ असं वेडंवाकडं. तो शब्द यादीत शेवटचा होता आणि वाक्य संपताना आवाज खाली घसरून करकरला होता. म्हणजे ती करकर शब्दाची नव्हती, 'माझं झालं' असं सांगणारी होती. शब्द वाक्याच्या मधोमध येईल असे प्रश्न विचारून पुन्हा रेकॉर्डिंग केलं, लिहिलेलं काहीच समोर ठेवलं नाही, तेव्हा आकडे जागेवर आले.

स्वराची उंची, म्हणजे पिच, काढतानाही हीच करकर फसवते. मी खालची मर्यादा ७५ हर्ट्झ ठेवली होती. त्यामुळे सुमारे १३.३ मिलिसेकंदांहून जास्त अंतर असलेले ठोके प्रोग्रामला दिसतच नव्हते आणि त्या जागी पिच दाखवणारी निळी रेघ तुटलेली. असे तुकडे गळाले की बोलणाऱ्याची सरासरी उंची आहे त्यापेक्षा वरची भरते. कधी एकाआड एक ठोका जोरदार असतो, मग रेघ एकदम निम्म्यावर उडी मारते. रेघेवर शंका आली की तरंगातले ठोके हाताने मोजावेत.

पुढे संभाषणांमध्ये करकर कुठे आहे ते खुणावायचं काम मिळालं, तेव्हा कानानेच दगा दिला. बायकांच्या बोलण्यात मला करकर भरपूर सापडली, पुरुषांच्या फार कमी. दुसऱ्या सहकाऱ्याने फक्त तरंग पाहून खुणा केल्या, तर पुरुषांच्या मी सोडलेल्या कितीतरी जागा निघाल्या. कारण साधं आहे: २०० वरून ६० वर पडलेला आवाज खटकतो, १०० वरून ६० वर आलेला जाड आवाजात खपून जातो. अमेरिकेत गेली काही वर्षं तरुण मुलींना 'व्होकल फ्राय'वरून, म्हणजे याच करकरीवरून, नावं ठेवली जातात. ब्रिटिश इंग्रजीवरच्या १९८८ सालच्या एका अभ्यासात मात्र ती पुरुषांकडे जास्त आढळली होती. म्हणजे ती तरुणपणाची खूण की पुरुषीपणाची, हे त्या त्या समाजात ठरतं. स्वरतंतू तेच करत असतात.

तेव्हापासून मी आधी आवाज बंद ठेवून तरंगावर खुणा करते आणि मगच ऐकते. दोन्हींत जिथे मेळ बसत नाही त्या जागा वेगळ्या रंगात ठेवते, आणि प्रत्येक खुणेपुढे वाक्याचा शेवट आहे की नाही हेही लिहिते.