प्रपोजलमधल्या पेमेंटच्या अटी: या चुका टाळा

वेबसाइटची कामं घेणारी नवी मुलं-मुली मला त्यांची प्रपोजलं बघायला पाठवतात. डिझाइनवर चार पानं आणि पैशांवर एक ओळ: ‘५०% ॲडव्हान्स, ५०% काम पूर्ण झाल्यावर.’ ही ओळ कुठून आली विचारलं की उत्तर येतं, ‘ग्रुपवर फॉरमॅट मिळाला.’ मला याचा मनापासून राग येतो, कारण वर्षभरानं हीच मुलं अडकलेल्या पैशांसाठी फोन करतात.

त्या ओळीतले ‘काम पूर्ण झाल्यावर’ हे तीन शब्द सगळ्यात महाग पडतात. मला पडले, म्हणून सांगते.

भोसरीतल्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्याची वेबसाइट होती. ठरलेली रक्कम १,८०,००० रुपये. मी लिहिलं होतं, ३०% आगाऊ आणि ७०% वेबसाइट पूर्ण झाल्यावर. ५४,००० लगेच आले. सहा आठवड्यांत डिझाइन मंजूर झालं, पानं तयार झाली, चौकशीचा फॉर्म चालू झाला. फक्त पंपांचे फोटो आणि त्यांची माहिती यायची होती. ती कारखान्याकडून येणार होती.

आधी प्रदर्शन आलं, मग दिवाळी, मग मार्केटिंग बघणाऱ्या मॅडम नोकरी सोडून गेल्या. प्रत्येक पानावर फोटोच्या जागी राखाडी चौकोन. सातव्या महिन्यात मी मालकांना म्हटलं, ‘साहेब, माझ्याकडचं सगळं काम झालंय, निदान अर्धे तरी पैसे द्या.’ ते शांतपणे म्हणाले, ‘मॅडम, तुम्हीच लिहिलंय, पूर्ण झाल्यावर. वेबसाइट पूर्ण कुठे झालीय?’ माणूस वाईट नव्हता. कागद वाचून बोलत होता. १,२६,००० रुपये माझ्या हातात नसलेल्या फोटोंवर टांगून मीच ठेवले होते.

तेव्हापासून प्रत्येक टप्प्याला मी एकच प्रश्न विचारते: हा टप्पा गाठणं माझ्या हातात आहे का? नसेल तर त्यावर मोठी रक्कम ठेवत नाही. तेच काम आज घेतलं तर वाटणी अशी करीन: सुरुवातीला ४०% म्हणजे ७२,०००, डिझाइन मंजूर झाल्यावर ३०% म्हणजे ५४,०००, चाचणीची लिंक दिल्यावर २५% म्हणजे ४५,००० आणि वेबसाइट लोकांसाठी खुली झाल्यावर ५% म्हणजे ९,०००. लिंक पाठवणं माझ्या हातात असतं, त्यामुळे फोटो कितीही रखडले तरी ९,०००च अडकतात. शेवटचे ५% मात्र मी मुद्दाम ठेवते. ते ठेवले की क्लायंटला वाटतं, बाई काम सोडून जाणार नाही, आणि बाकीचे टप्पे तो फारसा न भांडता मान्य करतो.

मंजुरीही हातात नसते, म्हणून तिच्यासोबत हे वाक्य जातं: ‘डिझाइन पाठवल्यापासून ७ कामकाजाच्या दिवसांत लेखी दुरुस्त्या कळवाव्यात. त्या न आल्यास डिझाइन मंजूर समजून पुढचं काम सुरू केलं जाईल, म्हणजे आपली तारीख चुकणार नाही.’ शेवटचा अर्धा भाग काढू नका. त्यामुळे अट का आहे ते क्लायंटला त्याच्या बाजूनं कळतं. फक्त ते सात दिवस संपायच्या आदल्या दिवशी आठवणीचा ईमेल जाऊ द्या. न सांगता ‘मंजूर’ म्हणून बिल पाठवलं तर कागदावर तुम्ही बरोबर असाल, पण पुढचं काम हातचं जाईल.

आता ॲडव्हान्स. ‘४०% ॲडव्हान्स, परत मिळणार नाही’ असं वाचलं की कोणीही बिचकतो. या पैशांतून काय होणार ते सांगा: ‘ही रक्कम मिळाल्यावर तुमच्या कामासाठी ३ ते २८ तारीख राखून ठेवली जाईल आणि पानांचा आराखडा व पहिलं डिझाइन सुरू होईल. काम थांबवायचं ठरल्यास झालेल्या कामाचे पैसे वजा करून उरलेली रक्कम परत केली जाईल.’ पूर्ण रक्कम गिळायची अट टाकू नका. ती न्याय्य नाही, आणि वादात टिकेल याचीही खात्री नाही. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर सेवेच्या ॲडव्हान्सवर तो मिळाल्याबरोबरच जीएसटी लागू होतो. म्हणून ‘७२,००० अधिक जीएसटी १२,९६०, एकूण ८४,९६०’ असं फोडून लिहा. नुसतं ७२,००० लिहिलं आणि तेवढेच आले, तर कर त्यातूनच भरायचा आणि तुमच्याकडे उरतात सुमारे ६१,०१७. जीएसटी वेगळा दाखवला की टीडीएसही मूळ रकमेवरच कापला जातो.

पैसे जमा होण्याआधी ‘जरा लोगो बसवून दाखवते’ म्हणत काम सुरू करू नका. बस.

उशिराच्या आकाराची चूक शब्दांत असते. मी एकदा ‘विलंब झाल्यास दरमहा २% दंड’ लिहिलं होतं. त्या कंपनीच्या खरेदी विभागातले गृहस्थ म्हणाले, ‘ताई, दंड शब्द दिसला की कागद वकिलाकडे जातो. तिथून महिनाभर येत नाही.’ आता मी लिहिते: ‘बिलाची देय तारीख बिलावर छापलेली असेल. त्यानंतर ७ दिवसांची सवलत राहील. पुढे थकीत रकमेवर दरमहा १.५% विलंब आकार लागेल. आमच्याकडून टप्प्याला उशीर झाल्यास त्या टप्प्याच्या बिलातून याच दरानं रक्कम कमी केली जाईल.’ शेवटचं वाक्य घातल्यापासून ही अट कोणी खोडलेली नाही. ४५,००० च्या बिलावर महिन्याला ६७५ रुपये होतात. ते मिळवणं हा हेतूच नाही. हिशेब खात्यात तुमचं बिल गठ्ठ्याच्या वर यावं, एवढाच आहे. आकार खरंच वसूल केलात तर त्यावरही जीएसटी लागतो, हे लक्षात असू द्या.

देय तारीख ठरवण्याआधी मी हिशेब खात्याला फोन करते: ‘तुमच्याकडे बिलं कोणत्या तारखांना निघतात?’ ७ आणि २२ सांगितलं तर माझी तारीखही तीच. ‘३० दिवसांत’ लिहिलं की बिल मिळाल्यापासून की पास झाल्यापासून, हा वाद सुरू होतो.

आणि उद्यम नोंदणी. ती फुकट आहे, ऑनलाइन होते. काम घेण्याआधीच करा आणि क्रमांक प्रपोजलवरही टाका, बिलावरही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार लेखी तारीख ठरली असेल तर ती काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि ठरली नसेल तर १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत न देणाऱ्या कंपनीला त्या खर्चाची करवजावट पैसे दिले त्या वर्षीच मिळते. मार्चमध्ये त्यांचा सीए स्वतःच बिल मागतो. पण हा कायदा प्रपोजलमध्ये धमकीसारखा उतरवू नका. मी एवढंच लिहिते: ‘आम्ही उद्यम नोंदणीकृत सूक्ष्म उद्योग आहोत, त्यामुळे आमची बिलं ४५ दिवसांच्या आत चुकती झाल्यास आपल्या हिशेबालाही सोयीचं होईल.’

भोसरीचे फोटो अखेर नवव्या महिन्यात आले. १,२६,००० मिळाले, आकार एक रुपया नाही, कारण तेव्हा तो लिहिलेलाच नव्हता. त्याच साहेबांनी पुढच्या वर्षी कॅटलॉगचं काम दिलं. नवीन अटी वाचून त्यांनी एकच दुरुस्ती मागितली: मंजुरीचे सात दिवस दहा करा. मी केले.