‘१० चे ६० पाहिजेत’: साइटच्या मेसेजवरून इंडेंट लिहिणाऱ्या नवख्यांसाठी

पुण्याच्या उपनगरात सात मजली निवासी इमारतीच्या कामावर मी प्लॅनिंग विभागात रुजू झालो, तेव्हा माझ्याकडे पहिले काम आले ते साइट इंजिनिअरच्या व्हॉट्सॲप मेसेजवरून मटेरियल इंडेंट तयार करून प्रोजेक्ट मॅनेजरांच्या सहीसाठी पाठवण्याचे. इंडेंट म्हणजे काय, बीबीएस कशासाठी असते, हे तुम्हाला ठाऊक आहे असे मी गृहीत धरतो. मला सांगायचे आहे ते एका आकड्याबद्दल, कारण त्या आकड्यामुळे आमचा चौथ्या मजल्याचा स्लॅब तीन दिवस पुढे गेला आणि ते दिवस मी अजून विसरलेलो नाही.

मंगळवारी संध्याकाळी सात वाजता आलेला मेसेज असा होता: ‘१० एमएम संपतंय, ६० पाहिजेत. वायर पण नाही. कव्हर ब्लॉक बघा. शनिवारी स्लॅब आहे, अर्जंट.’ मी बुधवारी सकाळी त्याचे शुद्ध, नीटनेटके इंडेंट केले. १० मिमी सळई, ६० नग, असे लिहिले आणि पुढे वजनही काढले. व्यासाचा वर्ग भागिले १६२ या हिशेबाने १० मिमी सळईचे वजन मीटरला ०.६१७ किलो, म्हणजे १२ मीटरची एक सळई साधारण ७.४ किलोची आणि ६० सळया ४४४ किलोच्या. हिशेब अचूक होता, मराठी स्वच्छ होती, सहीही लगेच झाली. गुरुवारी दुपारी टेम्पो रिकामा होत असताना साइटवरून फोन आला: “अरे, नग नाही, बंडल म्हणालो होतो मी.”

आमच्याकडे येणाऱ्या १० मिमीच्या बंडलात ७ सळया असत. ६० बंडल म्हणजे ४२० सळया, साधारण ३,१०० किलो. मी मागवले होते त्याच्या सातपट. शुक्रवार आणि शनिवार फिटरची टोळी बसून राहिली, शनिवारचे आरएमसीचे बुकिंग रद्द करावे लागले आणि स्लॅब मंगळवारी झाला.

हा सापळा नवख्याला दिसत नाही, कारण साइटवर ६० म्हणजे ६० काय हे प्रत्येकाला माहीत असते. बार बांधणारा फिटर बंडलात बोलतो, स्टोअरकीपर नगात मोजतो, खरेदी विभाग टनात दर घेतो आणि इंजिनिअर घाईत नुसता आकडा टाकतो. वाळूचेही तसेच आहे: ‘दोन टाका’ म्हणजे दोन ब्रास की दोन गाड्या, हे गाडीच्या आकारावर ठरते. बंडलात किती सळया हेही कंपनीनुसार आणि व्यासानुसार बदलते, म्हणून ‘बंडल’ हे एकक इंडेंटमध्ये एकट्याने कधीही जाऊ देऊ नका. सळयांची संख्या, लांबी आणि किलोतील वजन ही तिन्ही एकाच ओळीत लिहा. त्यांपैकी एक चुकले तर उरलेली दोन त्याच्याशी जुळत नाहीत आणि सही करणाऱ्याच्या ते लक्षात येते.

पण माझी खरी चूक एककाची नव्हतीच. मेसेजमधला आकडा मी तपासलाच नाही, फक्त सुंदर अक्षरात उतरवला. तपासणे दहा मिनिटांचे काम होते. त्या स्लॅबच्या बीबीएसमध्ये १० मिमीची एकूण गरज ४,२०० किलो होती. स्टोअरच्या रजिस्टरमध्ये शिल्लक १,१०० किलो होती. आधी मागवलेले आणि अजून न आलेले काही नव्हते. वजाबाकी ३,१०० किलो. माझे ४४४ किलो या आकड्याच्या जवळपासही नव्हते, आणि ६० बंडल मात्र त्यावर नेमके बसत होते. म्हणजे इंजिनिअरने बरोबर मागितले होते. ते कोणत्या एककात मागितले, हे ही वजाबाकीच मला सांगू शकली असती. त्यात एकच खबरदारी घ्यावी लागते: रजिस्टरमधल्या शिलकीत कापून उरलेले तुकडेही धरलेले असतात आणि मीटर-दीड मीटरचे तुकडे स्लॅबच्या मुख्य सळईला उपयोगी पडत नाहीत. त्यामुळे स्टोअरकीपरला ‘अखंड किती आहेत’ असे स्वतंत्रपणे विचारा. माझ्या मते या कामातला खरा गुरू स्टोअरकीपरच आहे. ‘आले तसे टाइप कर आणि पाठव’ असे मला सांगणारे वरिष्ठही होते, आणि तो सल्ला मी कोणालाही देणार नाही. मागच्या इंडेंटची फाइल उघडून त्यातले आकडे बदलण्याची सवयही मला तितकीच घातक वाटते, कारण जुनी तारीख आणि जुना मजला त्यात हमखास राहून जातो.

दुसऱ्यांदा लिहिलेल्या इंडेंटमधली त्या सळईची नोंद अशी होती: ‘चौथ्या मजल्याच्या स्लॅबसाठी १० मिमी, एफई ५००डी सळई, १२ मीटर लांबीची. बीबीएसप्रमाणे एकूण गरज ४,२०० किलो. बुधवार सकाळची शिल्लक १,१०० किलो. गुरुवारी प्राप्त ४४४ किलो. उर्वरित मागणी २,६५६ किलो, म्हणजे ३५९ सळया. साइटवर शनिवारी सकाळी ११ वाजेपर्यंत आवश्यक. विलंब झाल्यास मंगळवारचे काँक्रीट पुढे जाईल.’ यात ‘अर्जंट’ हा शब्द कुठेही नाही, हे लक्षात घ्या. प्रोजेक्ट मॅनेजरांसमोर दिवसाला अनेक अर्जंट मागण्या येतात. त्यांना निर्णय घेता येतो तो तारीख, वेळ आणि न मिळाल्यास काय अडेल यावरून. साइटवरच्या मेसेजमध्ये ‘स्टोअरवाले देत नाहीत’ अशी चीडही येते. ती इंडेंटमध्ये आणू नका. त्यामागे शिलकीची खरी तफावत असेल तर फक्त तफावत लिहा.

बाकीच्या दोन वस्तूंचे थोडक्यात सांगतो. बांधणीची तार टनाला साधारण ८ ते १० किलो लागते. रोलचे वजन पुरवठादारानुसार बदलते, म्हणून ती किलोतच मागवावी. कव्हर ब्लॉकचा मेसेजमध्ये आकारच नव्हता, आणि आमच्या ड्रॉइंगमध्ये स्लॅबला २० मिमी व बीमला २५ मिमी कव्हर होते, म्हणजे दोन वेगळ्या नोंदी हव्या होत्या.

घाबरून जाऊ नका. पहिल्या महिन्यात प्रत्येक मेसेजला मला अर्धा तास लागत असे, आता वजाबाकीसह पंधरा मिनिटे पुरतात. इंडेंट पाठवण्यापूर्वी मी साइटवर फोन करून एकच वाक्य वाचून दाखवतो: “सर, १० मिमी, ४२० सळया, म्हणजे ६० बंडल, गुरुवारी दुपारपर्यंत, चौथ्या स्लॅबला. बरोबर?” काँक्रीट चालू असताना इंजिनिअर फोन उचलत नाहीत, हेही खरे आहे. अशा वेळी सगळे इंडेंट अडवून ठेवू नका. ज्या वस्तूची वजाबाकी जुळते तिची मागणी पुढे पाठवा, जिची जुळत नाही तिच्यापुढे ‘साइटकडून खात्री बाकी’ असे लिहा आणि तो फोन संध्याकाळी पुन्हा लावा.