तीन मिनिटांच्या पिचची संहिता: शेवटून सुरुवातीकडे लिहा

गुंतवणूकदारांसमोर तीन मिनिटं बोलायची असतील तर बहुतेक जण संहिता पहिल्या ओळीपासून लिहायला घेतात. समस्या रंगवण्यात दीड मिनिट जातं, उत्पादनाचं कौतुक करण्यात एक, आणि पैशांची मागणी उरलेल्या अर्ध्या मिनिटात घाईघाईने उरकली जाते. म्हणून लिहिण्याचा क्रम उलटा ठेवा: आधी मागणी, मग ट्रॅक्शन, म्हणजे धंदा चालतोय हे दाखवणारे आकडे, आणि शेवटी समस्या. बोलताना क्रम अर्थातच सरळ राहील.

आधी शब्द मोजा

अनोळखी लोकांना नीट समजेल अशा वेगाने मराठीत मिनिटाला साधारण 110 ते 120 शब्द बोलून होतात. स्वतःचा वेग पाहायचा असेल तर कुठलाही मजकूर मिनिटभर मोठ्याने वाचा आणि शब्द मोजा. तीन मिनिटांत साडेतीनशे शब्द बसतात म्हणून तेवढे लिहू नका. 325 च्या आसपास थांबा. स्लाइड बदलणं, श्वास घेणं, एखादा शब्द अडखळणं यांत पंधरा-वीस सेकंद जातातच. वाटणी ढोबळमानाने अशी: समस्येला 80 शब्द, उपायाला 45, ट्रॅक्शनला 100, टीमला 30 आणि मागणीला 70.

आकडे मोजताना मात्र फसगत होते. कागदावर ‘3,10,000’ हा एक शब्द दिसतो, तोंडाने मात्र ‘तीन लाख दहा हजार’ असे चार निघतात. संहितेत आकडे अक्षरीच लिहा. वेळेचा अंदाजही बरोबर येतो आणि मंचावर जीभही अडत नाही.

मागणी

एक काल्पनिक कंपनी घेऊ. तिचं सॉफ्टवेअर दंतवैद्यांच्या दवाखान्यांसाठी आहे. पेशंट आयत्या वेळी आला नाही तर ते प्रतीक्षायादीतल्या दुसऱ्याला बोलावून ती वेळ भरतं. आज 62 दवाखाने महिना पाच हजार फी देतात. नऊ महिन्यांपूर्वी, म्हणजे फी घ्यायला सुरुवात केली तेव्हा, 14 होते.

मागणीत चार गोष्टी हव्यात: किती रक्कम, ती किती महिने पुरेल, कशावर खर्च होईल आणि त्या महिन्यांच्या शेवटी कंपनी कुठे पोचलेली असेल. रक्कम हवेतून काढू नका. नवी माणसं धरून, येणारी फी वजा केल्यावर दरमहा सरासरी 12 लाख कमी पडणार असतील, तर 18 महिन्यांचे 2 कोटी 16 लाख होतात. अडचणीसाठी साधारण 15 टक्के वर धरले की आकडा अडीच कोटींच्या जवळ येतो.

आता खरी परीक्षा मुक्कामाच्या आकड्याची. आज विक्री करणारा एकच माणूस आहे आणि तो महिन्याला पाचेक दवाखाने जोडतो. अठरा महिन्यांत त्याचे 90 होतील. आणखी दोघे घेतले आणि पहिले तीन महिने शिकण्यात गेले, तर दोघांचे मिळून 150. आजचे 62 मिळवले की 302 होतात, आणि संस्थापक खुशीत ‘आम्ही 300 दवाखान्यांपर्यंत पोचू’ असं लिहून टाकतो. इथेच गाडी घसरते, कारण यात सोडून जाणारे धरलेलेच नाहीत. पहिल्या 14 पैकी 12 आजही फी देतात, दोघे गेले. म्हणजे गळती महिन्याला पावणेदोन टक्क्यांच्या जवळपास. तोच दर पुढे राहिला तर अठरा महिन्यांत पन्नासेक दवाखाने गळतील. तेव्हा बोलायचा आकडा 250. समोरचा माणूस हा हिशेब मनात करतोच, आणि तुमच्याच दोन वाक्यांतले आकडे एकमेकांशी भांडताना दिसले की पुढचं काही ऐकत नाही.

संहितेत हे असं उतरतं: ‘आम्ही अडीच कोटी उभे करतोय. त्यात अठरा महिने निघतील. विक्रीसाठी दोन आणि उत्पादनासाठी दोन माणसं घेऊ. तेव्हा अडीचशे दवाखाने फी देत असतील आणि महिन्याचं उत्पन्न साडेबारा लाख असेल.’ कंपनीचं मूल्यांकन इथे काढायची गरज नाही, तो पुढच्या बैठकीचा विषय. कुणी लेखी होकार दिला असेल तर ती रक्कम जरूर सांगा. नुसतं ‘बोलणी चालू आहेत’ म्हणण्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं.

ट्रॅक्शन

मागणीतला प्रत्येक दावा ज्या आकड्यावर उभा आहे, तो आकडा इथे यायला हवा. म्हणून आपल्या उदाहरणात तीनच गोष्टी लागतात: 14 वरून 62, एक माणूस महिन्याला पाच, आणि 14 पैकी 12 टिकले. बाकी पुरस्कार, वर्तमानपत्रातली बातमी, अ‍ॅपचे डाउनलोड यांना शंभर शब्दांत जागा नाही.

‘तीनशे टक्के वाढ’ म्हणू नका. एकाचे चार झाले तरी तीनशेच टक्के होतात, आणि हे ऐकणाऱ्यालाही माहीत असतं. सुरुवातीचा आकडा, आजचा आकडा आणि मधला काळ, तिन्ही एकाच वाक्यात द्या. आलेख दाखवायचा तर आज फी देणाऱ्यांचा दाखवा. आजवर नोंदणी केलेल्या एकूण लोकांचा आलेख कधी खाली येतच नाही, त्यामुळे तो पाहून कुणाला काही कळत नाही. फुकट चाचणीवर असलेले दवाखाने ग्राहकांत मिसळू नका. ‘बासष्ट फी देतात, आणखी नऊ चाचणीवर आहेत’ असं वेगळं सांगा. उत्पन्न अजून सुरूच झालं नसेल तर वापर सांगा, पण नेमका: किती जण, आठवड्यातून किती वेळा, पहिल्या महिन्यात आलेल्यांपैकी आज किती उरले.

समस्या आणि उपाय

समस्या एका माणसाच्या एका दिवसावर आणून ठेवा. ‘आरोग्यक्षेत्रात कार्यक्षमतेचा अभाव आहे’ यातून डोळ्यासमोर काही येत नाही. त्याऐवजी: ‘एका दंतवैद्याकडे दिवसाला वीस पेशंटच्या वेळा ठरलेल्या असतात. तिघे येत नाहीत. खुर्ची रिकामी, मदतनिसाचा पगार मात्र चालू.’ त्यापाठोपाठ आज लोक यावर काय करतात ते एका वाक्यात सांगा, जसं की स्वागतकक्षातली व्यक्ती सकाळी एकेकाला फोन लावत बसते. हे वाक्य गाळलं तर ‘मग आत्तापर्यंत कसं चालत होतं?’ हा प्रश्न हमखास येतो.

उपायाचं काम 45 शब्दांत भागवा. थेट प्रात्यक्षिक तर मुळीच नको, कारण इंटरनेट अडलं तर वीस सेकंद गेलीच. एक स्क्रीनचित्र पुरतं. टीमबद्दल फक्त तेवढंच बोला, ज्यामुळे हे काम तुम्हालाच जमेल असं वाटावं. पदव्यांची यादी स्लाइडवर राहू द्या.

तालीम आणि कात्री

स्टॉपवॉच लावून, उभं राहून, स्लाइड बदलत मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात वाचलेली वेळ नेहमी कमी भरते. 165 सेकंदांच्या वर गेलात तर कात्री आधी उपायावर चालवा, मग समस्येवर. ट्रॅक्शन आणि मागणीला हात लावू नका. संहिता शब्दशः पाठ करायचीच असेल तर प्रत्येक भागाचं पहिलं वाक्य आणि सगळे आकडे करा. मधलं वाक्य विसरलं तरी पुढच्या भागावर उडी मारता येते.

शेवटची स्लाइड आभाराची नको, मागणीची ठेवा: रक्कम, महिने, मुक्काम आणि संपर्क. प्रश्नोत्तरं चालू असेपर्यंत तीच पडद्यावर राहते.